गूळ फोडताना बोट कापलं, टाके पडले, पण टोकाचं पेर वाकतच नाही. थांबू का?

गंगावेशकर (बुधवार, रात्री)

नमस्कार मंडळी, जरा घाईत टाकतोय धागा. शनिवारी सकाळी बायको गुळाची भेली फोडत होती, भेली डाव्या हातात घट्ट धरलेली आणि सुरीचं टोक खुपसून ढलपा काढत होती, भेली जुनी आणि कडक, सुरी सटकली आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात घुसली. तळहाताकडच्या बाजूला, मधल्या सांध्याच्या रेघेच्या जरासं वर. रक्त बरंच आलं पण दाबून धरल्यावर थांबलं. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तीन टाके घातले, जाडजूड पट्टी बांधली आणि विषय संपला असं आम्हाला वाटलं.

आज पट्टी बदलताना लक्षात आलं की त्या बोटाचं टोकाचं पेर वाकतच नाही. बाकी बोट वाकतंय, मुठीसारखं करते तेव्हा मधल्या सांध्यातून व्यवस्थित आत येतं, पण टोक सरळच्या सरळ बाहेर राहतं. डॉक्टर म्हणाले सूज आहे, टाके काढले की आठवड्यानं येईल हळूहळू. तिचं फॉल-पिकोचं काम आहे, कापड डाव्या हातानंच धरावं लागतं म्हणून काळजी. टाके निघेपर्यंत थांबावं का? कुणाला अनुभव आहे का?

बापू_मेडिकल (बुधवार, रात्री)

घाबरू नका. पंचवीस वर्षं काउंटरवर बसतोय, रोज कापलेली बोटं बघतो. बोट मधून वाकतंय म्हणजे टेंडन, बोट ओढणारी स्नायूची दोरी, शाबूत आहे, टेंडन तुटलं असतं तर अख्खं बोट लुळं पडलं असतं. नर्व्हला धक्का बसला असेल नाहीतर सूज. बी-कॉम्प्लेक्स चालू करा, टाके निघाले की कोमट पाण्यात बोट वाकवायचा व्यायाम.

कव्हर_ड्राइव्ह (बुधवार, रात्री)

सेम टू सेम मला झालेलं भावा! शास्त्रीनगर ग्राउंडवर स्लिपला कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि टोक खाली लोंबायला लागलं. प्लास्टिकची टोपीसारखी पट्टी दिली, सहा-सात आठवडे अजिबात काढली नाही, बोट ठणठणीत. ऑपरेशन-बिपरेशन काही लागत नाही, मेडिकलमध्ये मिळते ती पट्टी, उद्याच घाला.

स्प्लिंटवाली (बुधवार, रात्री)

गंगावेशकर, मी हँड थेरपिस्ट आहे, माहेर गारगोटीचं, सध्या पुण्यात काम करते. हाताची ऑपरेशनं झालेले पेशंटच दिवसभर माझ्यासमोर असतात. तुमचं वर्णन वाचून टाके निघेपर्यंत थांबू नका असंच म्हणेन, पण आधी घरी दोन गोष्टी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक, वहिनींना हात उताणा टेबलावर ठेवायला सांगा. त्या बोटाचं मधलं पेर तुमच्या दोन बोटांनी दोन्ही कडांवरून, जखम टाळून, अलगद टेबलाला टेकवून धरा म्हणजे मधला सांधा वाकणार नाही. मग म्हणा, फक्त टोक वाकव. आधी उजव्या हाताच्या त्याच बोटावर करून बघा म्हणजे काय दिसायला पाहिजे ते कळेल. जोर लावायला सांगू नका आणि तुम्ही विरोध करून बघू नका, टेंडन अर्धवट कापलेलं असेल तर उरलेले धागे त्या जोरानं तुटू शकतात.

दुसरं, कोपर टेबलावर टेकवून हात वर उभा धरायचा आणि मनगट सैल सोडून मागे पडू द्यायचं. मनगट मागे गेलं की बोटं आपोआप थोडी थोडी आत मिटतात, काही न करता. त्यात ते एक बोट वेगळं दिसतंय का बघा. आणि टोकाच्या दोन्ही कडांना कापसाचा बोळा फिरवून विचारा, दोन्हीकडे सारखं जाणवतंय का.

गंगावेशकर (बुधवार, रात्री उशिरा)

आत्ताच केलं. टोक अजिबात हललं नाही, म्हणजे हलल्याचा भासही नाही, ती म्हणते मी वाकवतेय पण तिथं काही पोचतच नाही. उजव्या हाताचं मात्र लगेच टुणकन वाकलं. दुसऱ्या टेस्टला बाकीची तीन बोटं मिटल्यासारखी झाली आणि ह्याचं फक्त टोक ताठ राहिलं, फोटो काढला तर एकदम उठून दिसतंय. करंगळीच्या बाजूची टोकाची कड बधीर आहे, हे तिनं आधी सांगितलंच नव्हतं, तिला वाटलं पट्टी घट्ट होती म्हणून.

स्प्लिंटवाली (बुधवार, रात्री उशिरा)

मग उद्याच दाखवा. बापू, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बोट मधून वाकतं म्हणजे एक टेंडन शाबूत आहे, पण बोट मिटायला तळहाताच्या बाजूनं दोन टेंडन येतात. एक मधल्या पेराला चिकटतं, ते मधला सांधा वाकवतं. दुसरं पार टोकाच्या हाडापर्यंत जातं आणि टोक वाकवणारं तेवढं एकच असतं. बोटाच्या बुडाशी हे लांबवालं खाली असतं, पण पुढं वरचं टेंडन दुभंगतं आणि त्याच्या फटीतून हे वर येतं. म्हणून मधल्या सांध्याच्या आसपास सुरी घुसली की आधी हेच सापडतं आणि दुसरं वाचतं. बोट बऱ्यापैकी मिटतं, सगळ्यांना वाटतं सूज आहे, आणि दिवस जातात. सुजेनं टोक कमी वाकेल, दुखेल, पण शून्य होत नाही. कड बधीर आहे म्हणजे टेंडनच्या शेजारून जाणारी नर्व्हही त्याच सुरीनं कापली असण्याची शक्यता आहे.

कव्हर_ड्राइव्ह, तुमचं दुखणं उलट्या बाजूचं. तुमचं टोक सरळ होत नव्हतं, ह्यांचं वाकत नाही. तुमचं बोटाच्या पाठीकडचं चपटं टेंडन हाडापासून सुटलेलं, तिथं टोक सरळ धरून ठेवलं की ते जागच्या जागी जुळून येतं. तळहाताकडचं तसं जुळत नाही, कारण त्याचं मागचं टोक जागेवर राहतच नाही. पट्टी घालून बसले तर नेमके कामाचे दिवस वाया जातील.

बापू_मेडिकल (गुरुवार, सकाळी)

मान्य आहे हो ताई, पण डॉक्टरांनी जखम उघडी असताना आत बघितलंच असेल की. टेंडन पांढरं शुभ्र असतं, तुटलेलं दिसलं नसतं का? उगीच त्यांना नावं ठेवायला नको.

स्प्लिंटवाली (गुरुवार, सकाळी)

नावं ठेवत नाहीये, तिथं गंमत अशी आहे की तुटलेलं टोक जखमेत दिसतंच असं नाही. वहिनींनी भेली मुठीत धरली होती ना, म्हणजे कापलं तेव्हा बोट वाकलेलं. वाकलेल्या बोटात टेंडन मागं सरकलेलं असतं. टाके घालताना बोट टेबलावर सरळ केलं की कापलेली जागा पुढं, टोकाकडं निघून जाते आणि जखमेच्या खिडकीतून तिच्या मागचा भाग दिसतो. मागचं टोक तर स्नायूनं तळहाताकडं ओढून नेलेलं असू शकतं. त्यात रक्त, बोट दुखतंय, पेशंट हलवायला तयार नाही. म्हणूनच बोटाच्या आतल्या बाजूची जखम कितीही छोटी असली तरी बघण्यापेक्षा हलवून तपासणं महत्त्वाचं, आणि तेही सुन्न करायचं इंजेक्शन देण्याआधी, कारण नंतर बधीरपणा तपासताच येत नाही.

मृदगंध (गुरुवार, सकाळी)

एक विचारू का, फक्त टोकच वाकत नाहीये ना? बाकी बोट चालतंय. एवढ्यासाठी ऑपरेशन, सुट्टी, खर्च, हे सगळं करायचंच का? माझ्या मामींचं असंच राहिलंय कैक वर्षं, भाकरी थापतात, सगळं करतात.

रापी (गुरुवार, सकाळी)

मी सुभाषनगरात चपलाचं काम करतो. माझं पण आसंच, चामडं कापताना रापी सटकली, डाव्या हाताचं मधलं बोट. टाकं घातलं, भरून आलं, मला वाटलं झालं. काम चालू केलं तवा कळालं की चामडं वडून धरायला गेलं की टोक उलटं मागं पलटी खातंय आणि पकड सुटतीया. तवर दोन म्हयनं झालेलं. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं आता टोकाला टोक जोडता येत न्हाई. एक ऑपरेशन करून बोटात रबराची नळी घातली, तीन म्हयन्यानं दुसरं करून ती काढली आणि मनगटातनं टेंडन काढून तिथं बशीवलं. वर व्यायाम वेगळा. आता टोक थोडंसं वाकतंय, पलटी खात न्हाई, काम चालतंय. पण पैल्या आठवड्यात गेलो आसतो तर एकात भागलं आसतं. लई येळ घालवू नका दादा.

स्प्लिंटवाली (गुरुवार, दुपारी)

रापी, ती नळी सिलिकॉनची. ती का घालावी लागते ह्यातच घाई कशासाठी ते आहे. टेंडन बोटात एका अरुंद बोगद्यातून सरकतं, तो बोगदा हाडाला चिकटलेल्या कड्यांनी बांधलेला असतो. टेंडन तुटून मागं गेलं की रिकामा बोगदा आकसायला लागतो, आत व्रणाचे धागे भरतात. मागचं टोक सुजून गड्ड्यासारखं होतं, ते मग कड्यांखालून जात नाही. आणि हातातला तो स्नायू सैल सुटल्यामुळं आखडून तोकडा होत जातो. पहिल्या काही दिवसांत हे सगळं हलकं असतं, सर्जन टोक शोधून ओढून आणतात आणि जोडतात. साधारण सात-दहा दिवसांच्या आत व्हावं असं बघतात, दोन आठवड्यांपर्यंतही बऱ्याचदा जमतं. तीन-चार आठवड्यांनंतर ओढून आणलं तरी पुरत नाही, आणि जबरदस्तीनं तोकडं जोडलं तर दुसराच त्रास. मधलं, करंगळीशेजारचं आणि करंगळी ह्या तिघांचे लांब टेंडन एकाच स्नायूतून निघतात, एक फार ताणलं की बाकीच्या दोघांची मूठ पूर्ण वळत नाही. मग रापींसारखं बोगदा परत तयार करायला नळी आणि नंतर दुसरीकडचं टेंडन.

मृदगंध, प्रश्न योग्य आहे. उशीर झालेल्या केसमध्ये आणि मधला सांधा छान चालत असेल तर बरेच सर्जन स्वतःच सांगतात की सोडून द्या, किंवा टोक पलटत असेल तर तेवढा सांधा पक्का करून टाकू, कारण मोठ्या ऑपरेशनमध्ये चांगला चालणारा मधला सांधाच आखडायची भीती असते. मामींना कुणी तसंच सांगितलं असेल. पण पाचव्या-सहाव्या दिवशी हिशेब वेगळा आहे, आत्ता एकाच ऑपरेशनमध्ये टेंडन आणि नर्व्ह दोन्ही जोडता येतात. आज न करायचं ठरवलं तर पुढं मन बदलून उपयोग नाही, म्हणून निदान सर्जनशी बोलून ठरवावं.

पन्हाळा_वारा (गुरुवार, दुपारी)

गंगावेशकर, कुठं न्यायचं हा प्रश्न असेल तर प्लास्टिक सर्जन किंवा हाताचं काम करणारे ऑर्थो विचारा, नुसतं 'हाडाचे डॉक्टर' नको. सीपीआर सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर आधी फोन करून विचारा आज असे सर्जन आहेत का. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड-आधार घेऊन जा. एमआरआय करून जावा का काय?

स्प्लिंटवाली (गुरुवार, दुपारी)

एमआरआयच्या तारखेसाठी थांबू नका. निदान हातानंच होतं. एक्स-रे काढतील, हाडाचा तुकडा उडालाय का बघायला. टेंडनचं तुटलेलं टोक कुठवर गेलंय ह्यासाठी कधी सोनोग्राफी करतात, पण ते सर्जन ठरवतील. अंगठी असेल तर आजच काढा. आणि जाईपर्यंत 'वाकतंय का' म्हणून दर तासाला ताकद लावून बघू नका. बोट पांढरं-निळं किंवा गार पडलं, जखमेतून पू आला, बोट फुगून ठणकायला लागलं तर मात्र अपॉइंटमेंट-बिपॉइंटमेंट नाही, सरळ कॅज्युअल्टी.

गंगावेशकर (शनिवार, संध्याकाळी)

अपडेट. गुरुवारी संध्याकाळी प्लास्टिक सर्जनना दाखवलं, त्यांनी पण तीच मधलं पेर धरून टेस्ट केली, एका मिनिटात सांगितलं टेंडन गेलंय. काल ऑपरेशन झालं. पूर्ण भूल नाही दिली, फक्त हात बधीर केला, ती जागी होती. आधीचा कट दोन्हीकडं नागमोडी वाढवून उघडलं. ताई म्हणाल्या तसंच निघालं, पुढचं टोक जखमेच्या पुढं होतं आणि मागचं बोटाच्या बुडापाशी जाऊन अडकलेलं, नशीब तळहातात नव्हतं गेलं. जोडून झाल्यावर तिलाच म्हणाले आता वाकवा, आणि टेबलावरच बोटाचं टोक हललं, ती सांगताना रडायलाच लागली. एका बाजूची नर्व्हही भिंगातून बघत जोडली.

बापू_मेडिकल (शनिवार, रात्री)

झालं बरं. पण जागं ठेवून करायचं म्हणजे ॲड्रेनलीनवालं इंजेक्शन दिलं असणार, बोटात ते देत नाहीत, बोट काळं पडतं असं आम्हाला शिकवलेलं. आणि आता महिनाभर बोट बिलकुल हलवू देऊ नका, टाका तुटेल.

स्प्लिंटवाली (शनिवार, रात्री)

ॲड्रेनलीनचं आम्हालाही तसंच शिकवलेलं, पण आता हाताचे सर्जन योग्य प्रमाणात पातळ करून बोटातही देतात, रक्त कमी येतं आणि दंडाला घट्ट पट्टा बांधावा लागत नाही. जागं ठेवण्याचा फायदा वहिनींनी बघितलाच, टेंडनचा जोड कड्यांमध्ये अडकतोय का ते तिथंच कळतं.

महिनाभर न हलवणं मात्र चुकीचं होईल. टेंडन आजूबाजूला चिकटतं, मग जुळलेलं असूनही बोट वाकत नाही. लहान मुलं किंवा सूचना न पाळणारे असतील तर तीनेक आठवडे बांधून ठेवतात, बाकीच्यांना साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून स्प्लिंटमध्येच हलवायला लावतात. स्प्लिंट हाताच्या पाठीकडून असतं, मनगटाच्या मागून बोटांच्या टोकांपर्यंत, म्हणजे बोटं आत वाकू शकतात पण पूर्ण सरळ होऊन टाक्याला ताण देऊ शकत नाहीत. दुसऱ्या हातानं बोट अलगद पूर्ण मिटवायचं, मग स्वतःहून थोडं, अर्ध्या मुठीपर्यंत. किती आणि कधी हे तुमचे सर्जन आणि थेरपिस्ट सांगतील तेच, जोड किती मजबूत आहे त्यांनीच बघितलंय.

सगळ्यात जास्त तुटतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. दुखणं गेलेलं असतं, टाके निघालेले असतात, बोट वाकायला लागलेलं असतं आणि जोड मात्र तेव्हाच कच्चा असतो. माझ्या एका पेशंटनं आंघोळीला स्प्लिंट काढलं आणि सवयीनं भरलेली बादली उचलली. परत टेबलावर. वहिनींना सांगा, सहा आठवडे त्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

मृदगंध (शनिवार, रात्री)

सासूबाई तेल लावून चोळतील त्यावर लक्ष ठेवा हं, आमच्याकडं प्रत्येक दुखण्यावर तेच.

गंगावेशकर (शनिवार, रात्री)

बाटली ऑलरेडी लपवलीय 😄

काजू_बोंड (तीन आठवड्यांनी)

धागा आत्ता वाचला. माझं बोट टिनच्या पत्र्यानं कापलंय परवा, टोक वाकतंय पण वाकवताना आत कळ येते आणि ताकद कमी वाटते. म्हणजे माझं नाही ना तुटलेलं?

स्प्लिंटवाली (तीन आठवड्यांनी)

वाकतंय म्हणजे पूर्ण तुटलेलं नाही, पण अर्धवट कापलेलं असू शकतं. थोडाच भाग कापला असेल तर शिवतही नाहीत, अर्ध्याहून जास्त गेला असेल तर सहसा शिवतात, आणि हे बाहेरून मलाही सांगता येणार नाही, इंटरनेटवरून तर नाहीच. दाखवा, तोवर काही उचलू नका.

गंगावेशकर (सात आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून. स्प्लिंट गेल्या आठवड्यात निघालं. टोक वाकतंय, पण दुसऱ्या हातानं वाकवलं तर जेवढं जातं तेवढं स्वतःहून जात नाही, अर्ध्याच्या आसपास. सर्जन म्हणतात थोडं चिकटलंय, व्यायामानं अजून सुटेल, नाहीच सुटलं तर काही महिन्यांनी चिकटलेलं मोकळं करायचं छोटं ऑपरेशन करता येईल, पण त्याचा आत्ता विचार नको. करंगळीकडची कड अजून बधीर आहे, मधूनच मुंग्या येतात, नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते म्हणे, त्यामुळं तिथं महिनेच लागणार. हलकं शिवणकाम चालू करायची परवानगी मिळालीय, जड काही उचलायचं नाही बारा आठवड्यांपर्यंत.

ताई, एक विचारायचं होतं. तिला स्कूटी चालवायची घाई झालीय, डाव्या हाताचा ब्रेक दाबायला ह्या बोटाची ताकद लागते का, की दोन पुढच्या बोटांवर भागवता येईल?

स्प्लिंटवाली (सात आठवड्यांनी)

ब्रेक दोन बोटांवर भागेल, पण खड्ड्यात हँडल हिसकलं की सगळी बोटं एकदम आवळली जातात, भीती त्याची आहे. पुढच्या तपासणीला सर्जनना तिची मूठ दाखवून विचारा. तोवर तुम्ही सोडा की तिला.